व्यक्तिचित्राचा क्रॉप

टिपलेल्या छायाचित्राच्या कडा कापून व्यक्तीची चौकटीतली जागा नव्याने ठरवणे, याला व्यक्तिचित्र क्रॉप करणे म्हणतात. क्रॉपने दिशा, प्रकाश किंवा भाव बदलत नाही. बदलतात त्या फक्त चार कडा. त्यांपैकी वरची आणि खालची कड ठरवणे अवघड असते, कारण वरची कड डोक्यावरची मोकळी जागा ठरवते, खालची हातपाय कुठे तुटणार ते ठरवते, आणि चौकटीचे माप पक्के असेल तर एक सरकवली की दुसरीही सरकते.

डोक्याचा वरचा भाग आणि चौकटीची वरची कड यांमधल्या जागेला हेडरूम म्हणतात. ती फार झाली की माणूस चौकटीत खाली बुडाल्यासारखा दिसतो. नवशिक्यांच्या फोटोंत हे हमखास आढळते, कारण फोकस साधण्यासाठी चेहरा मध्यावर धरला जातो आणि तिथेच राहतो. उलट केस कडेला नेमके टेकले, तर डोके छताला लागल्यासारखे वाटते. म्हणून एकतर स्पष्ट दिसेल इतकी जागा सोडावी, नाहीतर अगदी जवळच्या चित्रात डोक्याचा वरचा भाग सरळ कापावा. कापताना केसांचा थोडा पट्टा शिल्लक ठेवावा. कपाळ जिथे संपते तिथेच कड आणू नये. हनुवटी मात्र कापू नये, तिच्याशिवाय चेहऱ्याचा आकारच पुरा होत नाही. फेटा किंवा पगडी असेल तर हेडरूम टाळूपासून नव्हे, फेट्याच्या टोकापासून मोजावी. तुरा अर्धा कापलेला नवरदेव कोणालाच आवडत नाही.

डोळ्यांची रेषा साधारणपणे वरून एक तृतीयांश उंचीवर ठेवतात. हा आकडा ढोबळ आहे. चेहरा जितका जवळ, तितका तो बरोबर बसतो. कमरेपर्यंतच्या किंवा पूर्ण आकृतीच्या चित्रात डोळे त्याहून वर गेलेलेच बरे दिसतात. डोके कललेले असेल तर कॅमेऱ्याकडच्या, म्हणजे जवळच्या डोळ्यावरून मोजावे. नजर बाजूला असेल तर त्या दिशेला जास्त जागा सोडतात.

हातपायांचा नियम सांध्यांशी जोडलेला आहे. कोपर, मनगट, गुडघा, घोटा यांवर कड आली की अवयव तिथेच संपल्याचा भास होतो, कारण आकार जिथे वळतो किंवा निमुळता होतो, नेमकी तिथेच चौकटही संपते. दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर कापले तर नजर पुढचा भाग आपोआप पुरा करते. तळहात एकतर अख्खा ठेवावा, नाहीतर मनगटाच्या बऱ्याच वर कापावा. दोन बोटांची टोके तेवढी गेली, तर तो निर्णय न वाटता निष्काळजीपणा वाटतो.

एक हिशेब पाहू. ४००० × ६००० पिक्सेलचे उभे छायाचित्र आहे. व्यक्ती खांदे तिरके करून बसली आहे. वरून मोजल्यास केसांचा माथा १५०० वर, डोळे २००० वर, हनुवटी २५०० वर आणि कोपर ४४५० वर आहे. ८ × १० इंची प्रिंट हवी आहे. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर २४०० × ३००० चा तुकडा लागतो. डोळे एक तृतीयांशावर आणायचे तर वरची कड १००० वर आणि खालची ४००० वर येते. दंड नीट कापला जातो, पण डोक्यावर ५०० पिक्सेल, म्हणजे अर्ध्या डोक्याइतकी जागा उरते. ती मला जास्त वाटते. चौकट २०० पिक्सेल खाली सरकवली की हेडरूम ३०० वर येते, पण खालची कड ४२०० वर, कोपराच्या नको तितकी जवळ जाते. तोडगा म्हणजे तुकडाच लहान करणे: २१६० × २७०० घेऊन वरची कड १२०० वर ठेवली, तर खालची ३९०० वर येते. डोळे वरून सुमारे तीस टक्क्यांवर बसतात आणि कोपर सुरक्षित राहते. प्रिंटला इंचामागे २७० पिक्सेल मिळतात. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. तुकडा याहून बराच लहान करावा लागला, तर मात्र प्रिंटचा आकारच कमी करावा.

सोशल मीडियावरच्या गोल डीपीसाठी हेच चित्र जसेच्या तसे चालत नाही. वर्तुळ कोपरे खाते, त्यामुळे डोके मध्याकडे आणावे लागते आणि खांदे कापले जातात. पासपोर्टच्या फोटोत चेहऱ्याचे माप नियमानेच ठरलेले असते, तिथे रचनेचा प्रश्न नाही.

जाणूनबुजून केलेला अपवाद म्हणून अर्नोल्ड न्यूमन यांनी १९४६ मध्ये काढलेले संगीतकार इगोर स्ट्राव्हिन्स्की यांचे छायाचित्र पाहावे. मूळ चौकटीत बरेच जास्त होते. न्यूमन यांनी ते कडक क्रॉप केले. स्ट्राव्हिन्स्की डाव्या खालच्या कोपऱ्यात, हातावर डोके टेकून बसलेले, आणि उरलेली जागा पियानोच्या उघड्या काळ्या झाकणाची. इथे डोक्यावरची जागा रिकामी नाही, तिच्यात संगीतातल्या कोमल स्वराच्या चिन्हासारखा दिसणारा झाकणाचा आकार आहे.