स्वतःच्या गाडीने नेपाळला जाताना: भन्सार, यातायात परवाना आणि विम्याचं एक पान

पुण्या-नाशिकहून स्वतःची गाडी घेऊन पोखरा, काठमांडू किंवा मुक्तिनाथला जाणारी कुटुंबं आता बरीच दिसतात. व्हिसा लागत नाही, गाडीला कार्नेटसारखं महागडं हमीपत्र लागत नाही, म्हणून अनेकांची समजूत होते की नेपाळला तसे कागदच लागत नाहीत. लागतात, फक्त ते बहुतेक सीमेवरच मिळतात. एकच कागद सीमेवर मिळत नाही, तो घरून निघण्याआधी करून घ्यावा लागतो, आणि नेमका तोच विसरला जातो. तो म्हणजे विम्याचा.

इथली सगळी माहिती पांढऱ्या पाटीच्या खासगी चारचाकीची आहे. पिवळ्या पाटीच्या टॅक्सी-बसचे नियम वेगळे आहेत. उदाहरणासाठी मी गोरखपूरच्या पुढचा सुनौली नाका घेतला आहे, कारण महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना तो सोयीचा पडतो. रक्सौल, रुपईडिहा, बनबसा इथेही पद्धत साधारण हीच.

आधी विमा

आपल्या मोटार विम्याची पॉलिसी काढून बघा. त्यात ‘भौगोलिक क्षेत्र’ अशी एक ओळ असते आणि तिथे फक्त भारत लिहिलेलं असतं. याचा सरळ अर्थ असा की सुनौलीची कमान ओलांडली की तुमचं सर्वसमावेशक पॅकेज, झिरो डेप्रिसिएशन, सगळं मागे राहतं. पॉलिसी चालू असते, पण तुम्ही तिच्या हद्दीबाहेर असता.

ही हद्द वाढवता येते. भारतीय मोटार टॅरिफमध्ये त्यासाठी ठरलेलं कलम आहे, आयएमटी १. त्यातून बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या सहा देशांपर्यंत पॉलिसी नेता येते. टॅरिफमधला जादा हप्ता पॅकेज पॉलिसीला ५०० रुपये आणि फक्त थर्ड पार्टी पॉलिसीला १०० रुपये, मुदत जास्तीत जास्त १२ महिने. आता स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर कंपन्या स्वतः ठरवतात, त्यामुळे तुमच्या कंपनीचा आकडा थोडा वेगळा असू शकतो. एजंटला फोन करून ‘जिओग्राफिकल एक्स्टेन्शनचं एन्डॉर्समेंट हवंय, देश नेपाळ’ असं स्पष्ट सांगा. ‘हो हो, चालतं नेपाळला’ या तोंडी उत्तरावर निघू नका. एन्डॉर्समेंटचा छापील कागद हातात यायला हवा आणि त्यावर नेपाळचं नाव, गाडीचा नंबर आणि तारखा हव्यात.

इथे दोन गोष्टी बघायच्या असतात. पहिली, ही वाढ मूळ पॉलिसीवर उभी असते. पॉलिसी १५ नोव्हेंबरला संपत असेल आणि तुम्ही १८ला परतणार असाल, तर हद्दवाढीचं पान शेवटच्या तीन दिवसांना काही उपयोगाचं नाही. अशा वेळी आधी नूतनीकरण करा आणि नव्या पॉलिसीवरही वाढ घ्या. दुसरी, ॲड-ऑन आपोआप सोबत येत नाहीत. रस्त्यावरच्या मदतीची सेवा तर सहसा भारतापुरतीच असते आणि कॅशलेस गॅरेजही तिकडे मिळेल असं धरून चालू नका. म्हणून कंपनीकडून ईमेलवर लेखी विचारून घ्या: नेपाळात अपघात झाला तर कळवायचं कुठे, सर्व्हेअर कोण, बिल नेपाळी रुपयांत आलं तर चालेल का. हे उत्तर छापून पॉलिसीसोबत ठेवा. नेपाळच्या कायद्यातही तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. त्यामुळे परवान्याच्या खिडकीवर स्थानिक विमा मागितला तर वाद घालू नका, त्या नाक्याची पद्धत विचारा आणि घ्या.

गाडीचे आणि माणसांचे कागद

आरसी बुक, चालकाचा परवाना, पीयूसी आणि विमा हे चारही कागद मूळ आणि छापील हवेत. डिजिलॉकरमधलं आरसी आपल्या वाहतूक पोलिसांना चालतं, कारण तशी तरतूद आपल्या नियमांत आहे. नेपाळच्या अधिकाऱ्यावर ती बंधनकारक नाही. ज्यांचं स्मार्ट कार्ड हरवलंय आणि फोनवरच काम चाललंय, त्यांनी आधी आरटीओतून दुय्यम प्रत काढावी. भारतीय चालक परवाना नेपाळात चालतो, आंतरराष्ट्रीय परवाना लागत नाही.

गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, मग ती वडिलांची असो वा पत्नीची, आणि मालक सोबत नसेल तर नोटरी केलेलं संमतीपत्र घ्या. त्यात गाडीचा नंबर, चालकाचं नाव, नेपाळचा उल्लेख आणि तारखा असू द्या. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर हेच पत्र कंपनीच्या लेटरहेडवर. कर्ज चालू असेल तर आरसीवर बँकेचा बोजा दिसतो. बँकेचं ना हरकत पत्र जवळ असेल तर प्रश्न तिथेच मिटतो.

माणसांसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. एरवी सगळीकडे चालतं म्हणून अनेक जण फक्त आधार घेऊन निघतात. नेपाळसाठी १५ वर्षांखालची मुलं आणि ६५च्या वरचे ज्येष्ठ यांनाच आधारसारखं दुसरं फोटो ओळखपत्र चालतं. आई-बाबांचं आधार पुरेल, पण गाडी चालवणाऱ्या मुलाचं नाही.

भन्सार: गाडीचा तात्पुरता आयात कागद

सुनौलीला आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाची तपासणी होते. कमान ओलांडली की बेलहिया, आणि तिथे भन्सार कार्यालय, म्हणजे नेपाळचं कस्टम्स. नेपाळात गाड्यांवरचा आयात कर एवढा जबर आहे की करासकट गाडीची किंमत दुपटीच्या वर जाते. त्यामुळे आत आलेली परदेशी गाडी बाहेर गेलीच पाहिजे, यावर त्यांचा सगळा कटाक्ष. भन्सारची पावती म्हणजे ‘ही गाडी इतक्या दिवसांसाठी कर न भरता आत आली आहे’ हा दाखला. खासगी गाडीला वर्षात एकूण ३० दिवसच मिळतात. फक्त सीमेजवळच्या बाजारात जाऊन त्याच दिवशी परतणार असाल तर ‘सुविधा’ नावाची एका दिवसाची मोफत नोंद असते, पण तिच्यावर पोखऱ्याला जाता येत नाही.

शुल्क दिवसाच्या हिशेबाने असतं आणि दिवस तारखेने मोजतात. दर नेपाळच्या अर्थसंकल्पासोबत बदलू शकतो, म्हणून खिडकीजवळच्या दरफलकावरचा आकडाच खरा माना. हिशेब कसा करायचा ते बघा. समजा तुम्ही १० नोव्हेंबर २०२५ला संध्याकाळी पाचला आत शिरलात आणि १७ तारखेला सकाळी बाहेर पडणार आहात. मुक्काम सातच, पण तारखा आठ. म्हणजे आठ दिवसांचं शुल्क. समजा दर ६०० नेपाळी रुपये आहे, तर आठ दिवसांचे ४,८००. त्यात एक दिवस राखीव धरा, म्हणजे ५,४००. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे, त्यामुळे हे झाले ३,३७५ भारतीय रुपये. राखीव दिवसाचे ३७५ रुपये मला कधीच जड वाटलेले नाहीत. पावसाने दरड कोसळून बुटवल-पाल्पा रस्ता अडला की तो एक दिवस काय असतो ते कळतं. मुदत उलटली तर दंड आहे, आणि वाढवायची झाली तरी ती संपण्याआधी भन्सार कार्यालयातच जावं लागतं, हॉटेलातून फोनवर काम होत नाही.

पावती हातात आली की खिडकी सोडण्याआधी वाचा. मराठी माणसाला इथे मोठी सोय आहे, कारण पावती देवनागरीत असते. ‘सवारी साधन’ म्हणजे गाडी. आपल्या आरसीवरचा नंबर अक्षर अक्षर ताडून बघा. मग तारीख. १० नोव्हेंबर २०२५ तिथे २०८२ कार्तिक २४ अशी दिसते. हा विक्रम संवत, पण महिने सौर, त्यामुळे आपल्या पंचांगातल्या कार्तिकाशी ती तिथी जुळत नाही. माझ्या पहिल्या खेपेला मी कार्तिक वाचून मनातच हिशेब केला आणि चुकलो. खिडकीतल्या बाईंनीच पेनाने शेजारी इंग्रजी तारीख लिहून दिली. तेव्हापासून मी शेवटच्या दिवसाची इंग्रजी तारीख आवर्जून विचारून पावतीवर लिहून घेतो.

बाहेर पडायचा नाका वेगळा असेल, म्हणजे सुनौलीने आत आणि रक्सौलने बाहेर, तर ते अर्ज भरतानाच सांगा.

यातायात परवाना

भन्सार गाडीला देशात येऊ देतं, यातायात कार्यालय तिला रस्त्यावर चालू देतं. हा दुसरा कागद भन्सारची पावती, आरसी आणि चालकाचा परवाना दाखवून मिळतो. घाईत अनेक जण फक्त भन्सार करून पुढे निघतात आणि पहिल्याच पोलीस तपासणीत थांबवले जातात. हे कार्यालय दिवसाच्या कामाच्या वेळेतच चालतं आणि शनिवार ही नेपाळात सुट्टी, म्हणून शुक्रवारी रात्री सीमेवर पोहोचायचा बेत करू नका.

इथे जाण्याची ठिकाणं विचारतात. ‘पोखरा’ एवढंच लिहून पुढे मनात आलं म्हणून मुक्तिनाथला निघालात तर अडचण येईल. बेनी, जोमसोम, मुक्तिनाथ ही नावं लिहून घ्या. अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा प्रवेश परवाना माणसागणिक वेगळा असतो, त्याचा गाडीच्या कागदांशी संबंध नाही.

अपघात झाला तर

गंभीर अपघातात गाडी पोलिसांच्या ताब्यात राहू शकते, आणि त्या काळात भन्सारचे दिवस पुढे सरकतच राहतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी तीन कामं करा. पोलिसांकडून घटनेची लेखी नोंद घ्या, विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा आणि भन्सार कार्यालयाला पोलिसांच्या कागदासह कळवा. सर्व्हेबद्दल कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका. गाडी गॅरेजमध्ये सोडून विमानाने परत येणं हा सोपा मार्ग वाटतो, पण तुमच्या नावावरची तात्पुरती आयात तशीच उघडी राहते.

परतताना

परतीला घाई असते, मुलं दमलेली असतात, आणि पहारेकरी हात दाखवून सरळ जाऊ देतो. तरीही गाडी बाजूला लावून भन्सारच्या खिडकीवर जा, पावती दाखवा आणि गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घ्या. ती झाली नाही तर कागदोपत्री गाडी नेपाळातच राहते आणि पुढच्या खेपेला खुलासा तुम्हालाच करावा लागतो. नोंद झालेल्या पावतीचा फोटो काढून ठेवा, मग कमानीखालून बाहेर पडा.