चालण्याजोग्या जमिनीचे सेगमेंटेशन

कॅमेऱ्याच्या चित्रातला प्रत्येक पिक्सेल कोणत्या प्रकारच्या जमिनीचा आहे, हे एका लहान न्यूरल नेटवर्ककडून ठरवून घ्यायचे आणि त्यावरून रोबॉटला डबकी, पायऱ्या व खडबडीत जागा टाळायला लावायच्या, अशी ही पद्धत आहे. समोरची भिंत किंवा झाड लेसर स्कॅनरलाही कळते. साचलेल्या पाण्यावर मात्र किरण तिरपा पडून पुढे निसटतो, परत येत नाही, आणि स्कॅनरला तिथे काहीच दिसत नाही. म्हणून जमिनीचा पोत कळायला चित्र लागते.

मराठवाड्यातला आषाढातला पाणंद रस्ता हे यासाठी चांगले उदाहरण आहे. गुडघाभर उंचीची चार चाकांची गाडी आहे आणि कॅमेरा जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे, असे धरू. चित्रात मधोमध गवताचा उंचवटा, दोन्ही बाजूंना बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, चाकोरीत साचलेले पाणी, कडेला काळा चिखल आणि बांधावरून घरंगळलेले दगड. गाव लागले की फरशीचे ओटे आणि पायऱ्या. या सगळ्याला वस्तूंची नावे देत बसण्यापेक्षा चाकाच्या नजरेने वर्ग पाडलेले बरे: बिनधास्त जा, सावकाश जा, पाणी, पायरीची कड, खडबडीत. गवत आणि मुरूम दिसायला निराळे असले तरी चाकाला दोन्ही सारखेच, म्हणून ते एकाच वर्गात जातात. हैदराबादच्या आयआयआयटीत तयार झालेल्या आयडीडी या भारतीय रस्त्यांच्या चित्रसंचातही असाच विचार दिसतो. रस्ता नसलेल्या पण वेळ आली तर गाडी घालता येईल अशा कडेच्या जमिनीला तिथे वेगळा वर्ग दिला आहे.

गाडीवरचा संगणक लहान आणि बॅटरी मोजकी, त्यामुळे नेटवर्कही लहान लागते. बचत मुख्यतः एका युक्तीने होते. चित्रातून काढलेल्या खुणांचे ६४ थर घेऊन ६४ थर देणाऱ्या साध्या ३×३ कन्व्होल्यूशनला, म्हणजे शेजारशेजारच्या नऊ पिक्सेलांचा एकत्र हिशेब करणाऱ्या गणिताला, ३६,८६४ वजने, म्हणजे शिकताना ठरणारे आकडे, लागतात. तेच काम दोन टप्प्यांत केले, म्हणजे आधी प्रत्येक थरावर स्वतंत्र ३×३ आणि मग थरांची सरमिसळ करणारे १×१, तर ४,६७२ वजनांत भागते. २०१९ मधले फास्ट-एससीएनएन हे सेगमेंटेशनचे नेटवर्क याच युक्तीवर उभे असून त्यात सुमारे ११ लाख वजने आहेत. प्रत्येक वजन आठ बिटांत बसवले तर सगळे नेटवर्क एक मेगाबाइटच्या आसपास येते.

नेटवर्कने रंगवलेले चित्र जमिनीवर उतरवावे लागते. जमीन सपाट आणि कॅमेरा सरळ धरला, तर अंतराचे सूत्र सोपे आहे:

```
d = h * f / v
```

इथे h ही कॅमेऱ्याची उंची, f हे पिक्सेलमधले नाभीय अंतर आणि v म्हणजे तो पिक्सेल क्षितिजाच्या किती ओळी खाली आहे ते. ३२० पिक्सेल रुंदीच्या, ६० अंशांत पाहणाऱ्या कॅमेऱ्यात f सुमारे २७७ येतो. क्षितिजाखालची ६०वी ओळ मग २.८ मीटरवर पडते, ३०वी ५.५ मीटरवर. एका ओळीची चूक जवळ पाच सेंटिमीटरची, लांब मात्र एकोणीसची. त्यात वेग वाचवायला नेटवर्कचे उत्तर आठ-आठ पिक्सेलांच्या चौकटीत घेतले, तर साडेपाच मीटरवरची एक चौकट दीड मीटर लांबीची जमीन व्यापते. बाहेर येणारा नकाशा तीन मीटरपर्यंतच खरा मानावा. पलीकडचा फक्त अंदाज.

डबक्याची गंमत अशी की ते जवळ गेल्यावर दिसेनासे होते. तीन मीटरवरून नजर पाण्यावर अगदी तिरपी पडते आणि पाणी सुमारे ३० टक्के प्रकाश परतवते, म्हणून चाकोरीत आभाळाचा तुकडा चमकतो. एक मीटरवरून तेच पाणी जेमतेम ६ टक्के परतवते. आभाळ पुसले जाते, खालच्या गढूळ पाण्याचा रंग वर येतो, आणि काळ्या मातीत तो रंग ओल्या जमिनीसारखाच. नेटवर्क तीन मीटरवर ‘पाणी’ म्हणते आणि ऐन तोंडाशी येऊन ‘सावकाश जा’ म्हणते. चित्रे एकेक करून तपासली तर दोन्ही उत्तरे पटण्यासारखी वाटतात, म्हणून हा दोष सहज नजरेतून सुटतो. तो पकडायचा असेल तर चाकांच्या मोजणीने जमिनीच्या एकाच ठिकाणाचा पाठपुरावा करावा आणि अंतराप्रमाणे त्याचे वर्ग मांडून पाहावेत. उपाय दोन आहेत. नकाशात एकदा पाणी लागलेली चौकट गाडी पुढे जाईपर्यंत पाणीच ठेवायची. आणि प्रशिक्षणाची चित्रे रंगवताना लांबून ओळखलेले डबके जवळच्या चित्रातही डबके म्हणूनच रंगवायचे.

चढती पायरी त्या मानाने सोपी, तिचा उभा भाग समोर दिसतो. खरी अडचण उतरत्या पायरीची. दोन मीटरवर २० सेंटिमीटरचा उतार असला, तर कडेमागची सुमारे ६७ सेंटिमीटर जमीन कॅमेऱ्यापासून झाकली जाते आणि त्यापलीकडची फरशी थेट कडेला चिकटून दिसते. वर-खाली एकच शहाबादी असेल तर दोहोंत फरक सांगणारी फक्त एक बारीक रेघ उरते, आणि आठ पिक्सेलांची चौकट ती गिळून टाकते. ओट्यावर वावरणाऱ्या रोबॉटला म्हणून खोली मोजणारा कॅमेरा जोडलेलाच बरा.

मोजमापातही फसगत होते. ३२०×२४० च्या चित्रात ७६,८०० पिक्सेल असतात. डबक्याचे समजा १,५०० असतील. एकही डबके न ओळखणारे नेटवर्कही ९८ टक्के अचूक ठरते. त्यामुळे प्रत्येक वर्गाचा आययू, म्हणजे नेमकी जुळलेली जागा भागिले खरी आणि सांगितलेली मिळून जागा, वेगळा पाहावा लागतो. वरच्या उदाहरणात डबक्याचा आययू शून्य येतो. चाचणीची चित्रे वेगळ्या दिवशीची आणि वेगळ्या पाणंदीची हवीत. एकाच फेरीतली लागोपाठची चित्रे अर्धी शिकायला आणि अर्धी तपासायला ठेवली, तर नेटवर्क जमीन शिकत नाही, ती पाणंद पाठ करते आणि गुण मात्र भरघोस मिळवते.

पण चित्राची अडचण इथे संपत नाही. पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडले की काळ्या मातीवर पापडी धरते, रंग फिका होतो, आणि वाफसा आला की नाही हे शेतकरीही नुसते बघून सांगत नाही, मूठभर माती दाबून बघतो. खाली ओल असेल तर चाक पापडी फोडून रुतते. कॅमेऱ्याला हाताने दाबता येत नाही, म्हणून ते काम चाकावर सोपवतात. चाकाच्या फेऱ्यांनुसार एक मीटर पुढे गेलेली गाडी कॅमेऱ्याच्या हिशेबाने साठच सेंटिमीटर सरकली असेल, तर घसरण ४० टक्के. मग नुकत्याच ओलांडलेल्या त्या पट्ट्याचे आधी टिपलेले चित्र शोधून त्यावर ‘टाळा’ असा शिक्का मारायचा आणि नेटवर्कला त्यावर थोडे शिकवायचे. जवळच्या अनुभवाने लांबची नजर तयार करण्याची ही कल्पना जुनी आहे. चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची २००५ ची डार्पा ग्रँड चॅलेंज ही शर्यत जिंकणारी ‘स्टॅनली’ गाडी लेसरने जवळचा रस्ता पारखून त्याच्या रंगावरून कॅमेऱ्याला पुढचा रस्ता ओळखायला लावत होती. काळ्या मातीत या शिक्क्यांना तारीख लावावी लागते. परवा रुतवणारी पापडी आज वाफशावर असेल, आणि जुना शिक्का तसाच राहिला तर गाडी धड वाट सोडून बांधाच्या दगडांत शिरते.