नोट्स उशिरा येतात की सरकत जातात? ऑफसेट आणि ड्रिफ्टमधला फरक

फोन बदलला किंवा नवे ब्लूटूथ इअरबड्स घेतले, की रिदम गेममधल्या नोट्स गाण्याशी जुळेनाशा होतात. तक्रार एकच, पण तिच्या पोटात दोन वेगळे बिघाड असू शकतात. पहिल्यात आवाज ठरावीक मिलिसेकंदांनी उशिरा येतो आणि पहिल्या नोटपासून शेवटच्या नोटपर्यंत तेवढाच उशिरा येत राहतो. हा ऑफसेटचा प्रश्न. दुसऱ्यात सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं आणि गाणं पुढे जाईल तसं अंतर वाढत जातं. हा ड्रिफ्ट. एक घड्याळ पाच मिनिटं मागे लावलेलं आहे आणि दुसरं रोज मागे पडतं, एवढा सरळ फरक आहे. तरी सेटिंग्जमधली ऑफसेटची पट्टी बहुतेक जण दोन्हींसाठी सारखीच ओढत बसतात. पहिल्यावर ती रामबाण आहे. दुसऱ्यावर ती निम्मी लागू पडल्यासारखी वाटते, आणि खरी फसगत तिथेच होते.

आधी साधा उशीर पाहू. गेम आवाजाचे नमुने तयार करून बफरमध्ये टाकतो, तिथून ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या मिक्सरकडे जातात, मग ऑडिओ चिपकडे, मग कानाकडे. प्रत्येक टप्प्यावर थोडा वेळ जातो. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर १,०२४ नमुन्यांचा एक बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. वायरच्या इअरफोनवर हे सगळं मिळून सहसा काही दशक मिलिसेकंदांत भागतं. ब्लूटूथवर आवाज आधी एन्कोड होतो, हवेतून जातो, इअरबडमध्ये डिकोड होतो, आणि मधे आवाज तुटू नये म्हणून इअरबड स्वतःकडे थोडा साठाही राखून ठेवतो. त्यामुळे साध्या एसबीसी कोडेकवर दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. दोन मित्रांचा गेम एक, गाणं एक, फोनही एकाच कंपनीचा, तरी एकाचं जुळतं आणि दुसऱ्याचं नाही, ते यामुळे.

पण हा उशीर कितीही मोठा असला तरी गाणं चालू असताना तो वाढत नाही. इअरबडने १८० मिलिसेकंद घेतले तर पहिल्या ठोक्याला १८० आणि तीन मिनिटांनंतरच्या ठोक्यालाही १८०च. म्हणून इलाज सोपा आहे: गेमला तो आकडा सांगायचा, म्हणजे तो नोट्स तेवढ्याच उशिरा आणतो. पट्टीवर अधिक म्हणजे कोणती दिशा, यावर सगळ्या गेमचं एकमत नाही. तेव्हा आधी दहावीस मिलिसेकंद सरकवून बघावं आणि मग पुढे जावं.

आता ड्रिफ्ट. ओसू! हा गेम उदाहरणाला बरा, कारण त्याच्या वेळेच्या खिडक्या उघड आहेत. 'ओव्हरऑल डिफिकल्टी' ८ असेल तर पूर्ण ३०० गुण मिळायला नोटच्या आगेमागे ३२ मिलिसेकंदांत टॅप करावा लागतो, १०० साठी ७६ पर्यंत चालतं, ५० साठी १२० पर्यंत. शिवाय खेळ संपल्यावर गेम दोन आकडे दाखवतो. एक चुकांची सरासरी, म्हणजे तुम्ही एकूणात किती लवकर किंवा उशिरा होता. दुसरा अनस्टेबल रेट, म्हणजे तुमचे टॅप किती विखुरलेले होते. प्रमाण विचलन मिलिसेकंदांत काढून त्याला दहाने गुणलं की हा दुसरा आकडा मिळतो.

समजा एखाद्याने गाण्याचा मॅप, म्हणजे कोणती नोट कधी येणार याची मांडणी, बनवताना गाण्याची गती मिनिटाला १८० ठोके धरली, पण मूळ ध्वनिमुद्रण आहे १७९.९४ चं. क्लिक ट्रॅकशिवाय वाजवलेल्या किंवा जुन्या टेपवरून उतरवलेल्या गाण्यात असं होतं. कानाला हा फरक कळणं शक्य नाही. पण ५४० ठोक्यांनंतर, म्हणजे तीन मिनिटांनी, मॅप गाण्याच्या ६० मिलिसेकंद पुढे गेलेला असतो. कानाने खेळणाऱ्याचे टॅप सुरुवातीला अचूक असतात, मग हळूहळू उशिरा नोंदले जाऊ लागतात, आणि दीड मिनिट उलटलं की तो ३२ च्या खिडकीबाहेर पडू लागतो.

या खेळाडूचा हात चांगला आहे, एरवी त्याचा अनस्टेबल रेट १२० येतो असं धरू. म्हणजे प्रमाण विचलन १२ मिलिसेकंद. शून्यापासून साठपर्यंत सारख्या वेगाने सरकणारी चूक स्वतःचं सुमारे १७ चं विचलन आणते. दोन्ही मिसळले की साधारण २१ होतं, म्हणजे अनस्टेबल रेट २१० च्या घरात जातो. हात तोच, पण आकडा बघून वाटतं की आज हातच बसत नाहीये. सरासरी चूक दिसते ३० मिलिसेकंद उशिरा.

ओसू!च्या नव्या आवृत्तीत मागच्या खेळावरून त्या मॅपचा ऑफसेट लावून घेण्याचं बटण आहे. ते दाबलं की गेम सरासरी बघतो आणि नोट्स ३० मिलिसेकंदांनी सरकवतो. आता तुम्ही सुरुवातीला ३० ने लवकर, मध्यावर बरोबर आणि शेवटी ३० ने उशिरा. वरवर पाहता सगळं ३२ च्या आत आलं. पण तुमच्या हाताची स्वतःची १२ ची थरथर त्यावर चढते, आणि दोन्ही टोकांना चाळीस टक्क्यांहून जास्त टॅप खिडकीबाहेर जातात. गुण मात्र आधीपेक्षा सुधारतात! म्हणून माणूस पट्टी आणखी ओढतो, आणि मग सुरुवात तरी बिघडते नाहीतर शेवट तरी.

निव्वळ इअरबडच्या उशिराने असं होत नाही. त्यात सरासरी बदलते, अनस्टेबल रेट जवळपास जागच्या जागी राहतो. पहिली खूण ही. दुसरी खूण खेळतानाच दिसते: चूक दाखवणाऱ्या पट्टीवर सरासरीचा एक छोटा बाण असतो. तो पहिल्या वीस सेकंदांत कुठे आहे आणि शेवटच्या वीस सेकंदांत कुठे आहे, एवढंच बघायचं. खेळ संपल्यावर येणारा आलेख इथे फारसा कामाचा नाही. तो चुकांची गर्दी दाखवतो, पण कोणती चूक आधीची आणि कोणती नंतरची हे त्यातून कळत नाही.

एक अडचण मात्र या खुणांनाही आहे. तुम्ही डोळ्यांनी खेळत असाल, म्हणजे नोट रेषेवर आली की टॅप करत असाल, तर १८० मिलिसेकंदांचा उशीर असूनही चुकांची सरासरी छान शून्याजवळ येते. गेमच्या हिशोबात सगळं बरोबर असतं, फक्त तुमच्या कानाला गाणं मागे पडलेलं वाटतं. तेव्हा चाचणीपुरती नोट्सवरची नजर काढून कानावर विसंबावं. अगदी मेट्रोनोमवर टॅप करून लेटन्सी मोजणाऱ्या चाचणीतसुद्धा माणसं ठोक्याच्या किंचित आधी टॅप करतात, काही वेळा काही दशक मिलिसेकंदांनी. त्यामुळे तिथून निघणारा आकडा हा तुमच्या यंत्राचा आणि तुमच्या सवयीचा मिळून असतो. माझ्या मते त्यात काही बिघडत नाही, कारण खेळायचं तुम्हालाच आहे. फक्त तो आकडा मित्राला 'या इअरबडची लेटन्सी' म्हणून सांगू नये.

ड्रिफ्ट दिसला तर पुढचा प्रश्न: दोष मॅपचा की यंत्राचा? तोच मॅप दुसऱ्या फोनवर खेळून बघा. दोन्हीकडे चूक सारख्याच वेगाने वाढत असेल तर मॅपच्या गतीत खोट आहे, यंत्रांना दोष देऊ नका. एका फोनवर वाढते आणि दुसऱ्यावर नाही, असं असेल तर संशय गेमच्या कोडवर घ्यावा. नवशिक्यांच्या गेममध्ये हमखास आढळणारी गोष्ट म्हणजे नोट्सचं घड्याळ चित्राच्या प्रत्येक फ्रेमला एक साठांश सेकंद पुढे ढकलणं. स्क्रीन सेकंदाला खरोखर ६० फ्रेम दाखवत असेल तोवर ठीक. ५९.९४ दाखवणाऱ्या स्क्रीनवर हेच घड्याळ तीन मिनिटांत १८० मिलिसेकंद मागे पडतं. योगायोगाने हा आकडा वरच्या ब्लूटूथच्या उशिराएवढाच आहे, पण गाण्याच्या शेवटी एवढंच अंतर ऐकून दोन्ही आजार एकच समजणारा फसतो.

यावरचा उपाय पट्टीत नाही. आवाज नेमका कुठवर वाजला आहे हे आवाजालाच विचारून नोट्स हलवायला हव्यात. गोडॉट इंजिनमध्ये ते असं करतात:

```
var t = $Player.get_playback_position()
t += AudioServer.get_time_since_last_mix()
t -= AudioServer.get_output_latency()
```

पहिली ओळ गाण्यातली जागा देते, पण ती बफरगणिक उड्या मारत पुढे जाते. तेवढ्यावर नोट्स चालवल्या तर त्या थरथरतात. दुसरी ओळ शेवटच्या मिश्रणानंतर गेलेला वेळ मिळवून ती उडी सपाट करते. या दोन ओळींनी ड्रिफ्ट संपतो, कारण आता घड्याळ एकच उरलं, आवाजाचं. तिसरी ओळ ऑफसेटची आहे, आणि ती अपुरी पडू शकते: सिस्टिम जो उशीर सांगते त्यात इअरबडमधला सगळा वेळ धरलेला असेलच असं नाही. म्हणून कोड कितीही नीट लिहिला तरी खेळाडूच्या हातात ऑफसेटची पट्टी द्यावीच लागते.

अधूनमधून तिसराही एक प्रकार भेटतो. गाणं मधेच क्षणभर अडकतं, आणि त्यानंतर नोट्स एका झटक्यात ठरावीक अंतराने हुकतात. बाण हळूहळू न सरकता एकदम उडी मारतो. ब्लूटूथची जोडणी डळमळली किंवा फोन दमला की असं होतं. गाणं पुन्हा सुरू केलं की सगळं ठीक होत असेल तर पट्टीला हातही लावू नका.

आणि ऑफसेट अगदी अचूक लावल्यावरही ब्लूटूथवर एक गोष्ट खटकत राहील: टॅप केल्यावर वाजणारा ठेक्याचा आवाज. गाणं आधीच ठरलेलं असतं, म्हणून नोट्स त्याच्यासाठी थांबवता येतात. पण तुम्ही कधी टॅप करणार हे गेमला आधी कळत नाही. तो आवाज टॅपनंतरच तयार होतो, आणि १८० मिलिसेकंदांचा रस्ता कापूनच कानापर्यंत येतो. इअरबड बदलायचे नसतील तर सेटिंग्जमध्ये जाऊन तेवढा आवाज बंद करून टाका.