माजी क्लायंटकडून शिफारस मागणे

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्यावसायिकाने, काम पूर्ण झालेल्या क्लायंटला आपल्या लिंक्डइन प्रोफाइलवर लेखी अभिप्राय देण्याची केलेली विनंती. २०१२ मध्ये आलेल्या 'एंडोर्समेंट'मध्ये एखाद्या कौशल्यापुढे नुसते क्लिक करायचे असते. शिफारशीत मात्र क्लायंटला स्वतः मजकूर लिहावा लागतो, आणि त्यावर त्याचे नाव, हुद्दा व कामातले नाते दिसते. म्हणून ती देणाऱ्याला थोडी जड जाते. ती कोणाकडे आणि कशी मागितली, यावरच तिच्यात काय उतरेल हे बरेचसे ठरते.

विनंती थेट जोडल्या गेलेल्या, म्हणजे पहिल्या फळीतल्या ओळखीच्या व्यक्तीलाच पाठवता येते. ती पाठवताना आपले त्या वेळचे पदही निवडावे लागते. त्यामुळे स्वतंत्र व्यवसायाची नोंद आधी 'एक्सपिरियन्स' विभागात केलेली असावी.

कोणाला विचारावे, याचे उत्तर बहुतेक जण कंपनीतला सर्वांत मोठा हुद्दा पाहून देतात. तिथेच शिफारस पोकळ होते. मालकाने काम मंजूर केलेले असते, खरेदी विभागाने बिल पाहिलेले असते; पण काम वापरताना काय फरक पडला, हे तिसऱ्याच माणसाला माहीत असते. समजा, एका अनुवादकाने भोसरीतल्या कारखान्यासाठी प्रेस मशीनची इंग्रजी माहितीपुस्तिका मराठीत केली. एकाच सुट्या भागाला कामगार दोन-तीन नावांनी ओळखतात हे लक्षात आल्यावर त्याने शॉप फ्लोअरवर बसून शब्दांची यादी पक्की केली. या कामाबद्दल बोलू शकेल तो उत्पादन व्यवस्थापक, कारण ऑपरेटर शंका घेऊन त्याच्याकडेच येत. त्याचे मत मालकाच्या दोन गोड ओळींपेक्षा पुढच्या क्लायंटच्या जास्त उपयोगाचे असते.

वेळही महत्त्वाची. काम सुपूर्द केल्याच्या दिवशी क्लायंटकडे आभाराखेरीज सांगण्यासारखे काही नसते. पुस्तिका काही आठवडे वापरात राहू द्यावी, पण तपशील विसरले जाण्याइतके थांबू नये. बिल थकलेले असताना शिफारस मागू नये. दोन्ही मागण्या एकमेकींत अडकतात.

लिंक्डइन विनंतीच्या चौकटीत एक तयार ओळ देते. ती तशीच पाठवली की उत्तरात 'मेहनती, प्रामाणिक, वेळेचे पक्के' एवढेच येते. क्लायंटचा त्यात दोष नाही. कोऱ्या चौकटीपुढे बसल्यावर कोणालाही विशेषणेच सुचतात. त्याला प्रसंग आठवून द्यावा आणि एक-दोन प्रश्न विचारावेत. आधी फोन किंवा व्हॉट्सॲपवर बोलून मग औपचारिक विनंती पाठवण्याची पद्धत आपल्याकडे सोयीची पडते. वरच्या उदाहरणात मजकूर असा असू शकतो:

"नमस्कार सर. प्रेस मशीनची मराठी पुस्तिका आता वापरात आहे, म्हणून एक विनंती करतो. माझ्या लिंक्डइनवर चार-पाच ओळी लिहाल का? पुस्तिकेआधी ऑपरेटरना कुठे अडचण यायची आणि आता काय बदलले, एवढे आले तरी पुरे. शब्दांच्या यादीसाठी आपण शॉप फ्लोअरवर बसलो होतो, त्याचा उपयोग झाला असेल तर तेही लिहा. मराठीत लिहिले तरी चालेल. अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा."

यात स्तुतीचे शब्द पुरवलेले नाहीत, फक्त आठवण दिली आहे. 'उपयोग झाला असेल तर' या शब्दांनी क्लायंटला खरे बोलायला जागा राहते. गोपनीयतेचा करार असल्यास यंत्राचे किंवा उत्पादनाचे नाव टाळण्याचेही इथेच सुचवावे.

"तुम्हीच लिहून पाठवा, मी टाकतो," हे उत्तर फार वेळा येते. पूर्ण मजकूर लिहून दिला की सगळ्या शिफारशी एकाच हातच्या वाटू लागतात. कामाच्या तारखा, काय करून दिले आणि कोणती अडचण सुटली, असे तीन मुद्दे पाठवावेत. मत आणि वाक्ये क्लायंटची असू द्यावीत. बदल्यात त्याचीही शिफारस लिहिण्याचा सौदा करू नये. मिळालेल्या आणि दिलेल्या शिफारशी प्रोफाइलवर शेजारीच दिसतात, आणि अशी देवाणघेवाण वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते.

आलेला मजकूर आपण स्वीकारल्याशिवाय प्रोफाइलवर लागत नाही. तो वाचताना आपले नाव झाकून पाहावे. दुसऱ्या कोणत्याही अनुवादकाला तो तसाच लागू पडत असेल तर शिफारस नेमकी झालेली नाही. दुरुस्ती मागण्याची सोय आहे, पण ती एकदाच आणि एकाच ठोस प्रश्नासह वापरावी: "ऑपरेटरच्या शंका कमी झाल्या असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात, ते एक वाक्य यात घालता येईल का?" चुकीची तारीख किंवा कामाचे चुकीचे वर्णन मात्र दुरुस्त करून घ्यावेच. उत्तर आले नाही तर एक आठवण पुरेशी असते. त्यानंतर त्याच कामाशी संबंध आलेल्या दुसऱ्या माणसाकडे वळावे.