रांगेतला ‘वजा एक’

‘एका रांगेत सुमेध डावीकडून 14वा आणि उजवीकडून 19वा आहे, तर रांगेत एकूण किती मुले आहेत?’ शिष्यवृत्तीच्या वर्गात बसलेल्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. 14 आणि 19 मिळून 33, त्यातून 1 वजा, म्हणून उत्तर 32. पोलीस भरतीपासून बँकेच्या परीक्षांपर्यंत हेच गणित नावं आणि आकडे बदलून येत राहतं, आणि बहुतेक मुलं ‘दोन्हींची बेरीज वजा एक’ एवढं पाठ करून पुढे जातात. पण तो एक नेमका कुठून येतो, हे विचारलं की वर्ग गप्प होतो.

तो एक म्हणजे सुमेधच. डावीकडून मोजताना चौदाव्या जागेवर त्याला मोजलं आणि उजवीकडून मोजताना एकोणिसाव्या जागेवर पुन्हा त्यालाच मोजलं. त्याच्या डावीकडे 13 मुलं आहेत, उजवीकडे 18 आहेत आणि मध्ये तो स्वतः. क्रमांक सांगताना आपण स्वतःला ‘धरून’ मोजतो, म्हणून दोन क्रमांकांच्या बेरजेत एक माणूस जास्तीचा येतो. या कोड्याचा इतिहास खरं तर या ‘धरून’ मोजण्याचा इतिहास आहे, आणि तो परीक्षांपेक्षा फार जुना आहे.

आपल्या घरात ही मोजणी अजून जिवंत आहे. बाळ 5 तारखेला जन्मलं की बारसं 16 तारखेला येतं, 17ला नाही, कारण जन्माचा दिवस हाच पहिला. गणित मांडलं तर 5 अधिक 12 वजा 1, म्हणजे सुमेधचंच सूत्र. सोमवारी निरोप घेताना आपण ‘आठ दिवसांनी भेटू’ म्हणतो आणि भेटतो पुढच्या सोमवारी, सात दिवसांनी. आठवडा या शब्दात आठ आहे, तो दोन्ही सोमवार धरल्यामुळे. गाण्यातही तेच. खालच्या सा पासून मोजलं तर प पाचवा, म्हणून तो पंचम. वरच्या सा कडून उलटं येत मोजलं तर तोच प चौथा. दोन्ही सा धरून स्वर आठ, आणि 5 अधिक 4 वजा 1 बरोबर 8.

ही मोजणी राज्याच्या कारभारात सर्वांत ठळकपणे वापरली ती प्राचीन रोमने. तिथला बाजार दर आठ दिवसांनी भरे, पण त्याचं नाव ‘नुंदिनाए’, म्हणजे ‘नववा दिवस’ या अर्थाचं. आपल्या आठवड्यासारखंच हे, फक्त एक आकडा पुढे. पण रांगेच्या कोड्याशी थेट नातं आहे ते त्यांच्या तारखांचं. रोमन लोक महिन्याचे दिवस 1, 2, 3 असे पुढे मोजत नसत. महिन्यात तीन ठरलेले दिवस होते. पहिली तारीख म्हणजे कॅलेंड्स, पाचवी किंवा सातवी म्हणजे नोन्स आणि तेरावी किंवा पंधरावी म्हणजे इड्स. इतर दिवसांना ‘पुढच्या ठरलेल्या दिवसाआधी अमुकावा’ असं नाव असे. म्हणजे रोमन तारीख हा दिवसाचा उजवीकडचा क्रमांक होता, आणि तो क्रमांक ठरलेला दिवस धरून मोजलेला असे.

आपली 30 जानेवारी घ्या. रोमन माणूस तिला ‘फेब्रुवारीच्या कॅलेंड्सआधी तिसरा दिवस’ म्हणे. आपल्या हिशेबाने ती दोनच दिवस आधी आहे, पण त्याने 30, 31 आणि 1 असे तिन्ही दिवस धरले. आता हीच तारीख रांग म्हणून पाहा. जानेवारीचे 31 दिवस आणि शेवटी उभा असलेला फेब्रुवारीचा पहिला दिवस, असे एकूण 32. आपला दिवस डावीकडून 30वा, उजवीकडून 3रा, आणि 30 अधिक 3 वजा 1 बरोबर 32. जुन्या रोमन शिलालेखातली कॅलेंड्सआधीची तारीख आजच्या तारखेत आणताना याच रांगेतून वाट काढावी लागते. महिन्याच्या दिवसांत 2 मिळवायचे आणि रोमन आकडा वजा करायचा. त्या दोनांपैकी एक कॅलेंड्सचा दिवस असतो आणि दुसरा दोनदा मोजलेला आपलाच दिवस. इथे एकच मिळवला तर तारीख एक दिवसाने चुकते.

ही सवय किती महाग पडू शकते हेही रोमनेच पाहिलं. ज्युलियस सीझरने इ.स.पू. 45 मध्ये नवी दिनदर्शिका सुरू केली. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवायचा, असा तिचा नियम होता. पुढच्याच वर्षी सीझरचा खून झाला आणि दिनदर्शिका सांभाळण्याचं काम पुरोहितांकडे राहिलं. त्यांनी ‘चौथं वर्ष’ आपल्या सवयीने मोजलं, म्हणजे मागचं लीप वर्ष पहिलं धरून. मग चौथं वर्ष प्रत्यक्षात तीनच वर्षांनी येतं. मागचं लीप वर्ष पहिलं, त्यानंतरची दोन साधी वर्षं दुसरं आणि तिसरं, आणि लगेच पुढचं लीप वर्ष. 36 वर्षांत 9 दिवस वाढायला हवे होते, वाढले 12. जास्तीचे तीन दिवस काढण्यासाठी सम्राट ऑगस्टसला सलग 12 वर्षं एकही लीप दिवस न धरण्याचा हुकूम द्यावा लागला. पुरोहितांना चारपर्यंत मोजता येत नव्हतं असं नाही. नियम सांगणाऱ्याच्या मनात वर्षांमधली अंतरं होती आणि मोजणाऱ्याच्या मनात दोन्ही टोकं धरलेली वर्षं होती. शिष्यवृत्तीच्या वर्गात 33 हे उत्तर लिहिणाऱ्या मुलाचं जे होतं, तेच त्यांचं झालं.

भारतीय गणिताने या एकाला स्वतंत्र शब्दच दिला, ‘व्येक’, म्हणजे एक वजा केलेला. इ.स. 499 मधल्या आर्यभटाच्या श्रेढीच्या सूत्रात तो आहे, आणि 1150 मध्ये भास्कराचार्यांनी लीलावतीत ‘व्येकपदघ्नचयो मुखयुक् स्यादन्त्यधनम्’ असं लिहिलं. पदांच्या संख्येतून एक वजा करा, दर पायरीच्या वाढीने गुणा, त्यात पहिलं पद मिळवा, की शेवटचं पद मिळतं. पहिल्या दिवशी 3 रुपये दिले आणि रोज 2 वाढवले, तर दहाव्या दिवशी 21 होतात, कारण दहाव्या जागेपर्यंत पायऱ्या नऊच चढाव्या लागतात. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ उभारला, तो आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. म्हणजे हा ‘व्येक’ आठशे वर्षांपूर्वी खानदेशात शिकवला जात होता. मला हा शब्द ‘वजा एक’पेक्षा फार आवडतो. सूत्राच्या शेवटी चिकटवलेली दुरुस्ती नाही ती, मोजण्याआधीच लक्षात घेतलेली गोष्ट आहे.

परीक्षेत हे कोडं आलं ते विसाव्या शतकातल्या बुद्धिमापनाच्या वाटेने. 1905 मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बीने आणि थिओडोर सिमाँ यांनी शाळकरी मुलांसाठी पहिली चाचणी केली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने एकाच वेळी शेकडो जणांना देता येतील अशा लेखी चाचण्या वापरल्या. लहान, एकच उत्तर असलेले आणि भराभर तपासता येणारे प्रश्न तेव्हापासून हवेसे झाले. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बीनेच्या चाचणीचं रूपांतर मराठी आणि कन्नड मुलांसाठी केलं. पुढे शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी हा विषयच झाला. 2016 पर्यंत ही परीक्षा चौथी आणि सातवीला होती, नंतर काही वर्षं ती पाचवी आणि आठवीला होती. रांगेचा प्रश्न अशा पेपरला अगदी सोयीचा, कारण त्याला वेगळी माहिती लागत नाही आणि चुकीचा पर्यायही आपोआप तयार असतो. 32 उत्तर असेल तर पर्यायांत 33 असतोच.

सूत्र पाठ असूनही मुलं अडतात ती रांगेत दोन माणसं आली की. ‘रेवा डावीकडून 15वी, ओजस उजवीकडून 12वा, दोघांच्या मध्ये 4 जण.’ इथे एकही माणूस दोनदा मोजलेला नसेल, तर वजा करायचं काहीच नाही. रेवापर्यंत 15, मधले 4 आणि ओजसपासून पुढे 12, एकूण 31. पण ओजस रेवाच्या डावीकडे उभा असला तर? मग मध्ये 4 सोडून तो डावीकडून 10वा येतो. तो उजवीकडून 12वा आहेच, म्हणून एकूण 21. या वेळी रेवा, ओजस आणि मधले चौघे असे सहाही जण दोन्ही मोजण्यांत आले. 27 मधून 6 गेले, 21 उरले. प्रश्नात दोघांपैकी डावीकडे कोण ते दिलं नसेल, तर 31 आणि 21 ही दोन्ही उत्तरं खरी आहेत. ‘किमान किती’ असं विचारलं असेल तरच 21 हे एकमेव उत्तर ठरतं. ‘वजा एक’ पाठ करणारा मुलगा इथे 26 किंवा 30 लिहितो. कोण दोनदा मोजलं गेलं हे शोधणारा मुलगा आधी कागदावर टिंबं काढतो.

आणि एका ठिकाणी साधी एकट्याची रांगसुद्धा हे सूत्र मोडते, जेव्हा ती माणसांची नसून गुणांची असते. चार मुलांत दोघांना सारखे गुण मिळाले, आणि ती दोघं मधली आहेत असं समजा. त्यांचा क्रमांक वरून 2रा आणि खालूनही 2रा. सूत्राने 3 येतात, मुलं तर 4 आहेत. एका क्रमांकावर जितकी मुलं असतील तितकी धरावी लागतात. म्हणून वरचा क्रमांक, खालचा क्रमांक आणि त्या क्रमांकावरच्या मुलांची संख्या यांची बेरीज करून 2 वजा करायचे. 2 अधिक 2 अधिक 2 वजा 2, म्हणजे 4. सुमेध आपल्या जागेवर एकटाच होता, तेव्हा याच हिशेबात 14 अधिक 19 अधिक 1 वजा 2 होतात, आणि पुन्हा 32च येतात.