‘दोनावर एक फ्री’ म्हणजे नेमकी किती टक्के सूट?

कपड्यांच्या दुकानाबाहेर ‘दोन घ्या, एक मोफत’ अशी पाटी असते आणि शेजारच्या दुकानावर ‘सरसकट ३० टक्के सूट’ असे लिहिलेले असते. यातले स्वस्त कोणते, हे ठरवताना बहुतेकांच्या मनात पहिला हिशेब येतो तो असा: दोन घेतले की एक फुकट, म्हणजे अर्धी सूट. हा ५० टक्क्यांचा आकडा अगदीच खोटा नाही, पण तो सुटीचा आकडा नव्हे. जितक्याचे पैसे दिले त्याच्या निम्मा माल जास्त मिळाला, एवढेच तो सांगतो. सूट मात्र नेहमी मूळ किमतीवर मोजतात. ९९९ रुपयांच्या तीन शर्टांची मूळ किंमत २,९९७ रुपये, आपण भरले १,९९८ रुपये, म्हणजे वाचले ९९९ रुपये; हे २,९९७ रुपयांच्या एक तृतीयांश, म्हणजे ३३.३३ टक्के झाले. ‘५० टक्के जास्त माल’ आणि ‘३३ टक्के कमी किंमत’ या एकाच सौद्याच्या दोन बाजू आहेत, पण ग्राहकाला पहिली जास्त भुरळ घालते, असे विपणनाच्या अभ्यासकांनी प्रयोगांतून दाखवले आहे. टक्केवारी कशाच्या तुलनेत काढली आहे याकडे आपले लक्ष जात नाही, हे त्यामागचे कारण.

३३.३३ टक्के ही या योजनेची कमाल मर्यादा आहे आणि ती गाठायची तर वस्तूंची संख्या तीनच्या पटीत असावी लागते. सारख्या किमतीचे चार शर्ट घेतले तर तिघांचे पैसे भरावे लागतात आणि सूट २५ टक्क्यांवर येते. पाच घेतले तर ती २० टक्के होते. सहाव्या शर्टाला ती पुन्हा ३३.३३ टक्क्यांवर जाते, सातव्याला साधारण २८.६ टक्क्यांवर घसरते. सरसकट सुटीत असा चढउतार नसतो. एक घ्या की पाच, टक्का तोच राहतो. दुकानदाराला ‘दोनावर एक’ का परवडते, त्याचे बरेचसे उत्तर इथेच आहे. एकच शर्ट घेऊन जाणाऱ्याला तो एका पैशाचीही सूट देत नाही, आणि जो सूट मिळवतो तो तीन नग उचलून त्याचा माल हलवतो.

आतापर्यंत तिन्ही किमती सारख्या धरल्या, पण प्रत्यक्षात तसे क्वचितच असते आणि पाटीवर खाली बारीक अक्षरांत ‘सर्वांत कमी किमतीची वस्तू मोफत’ अशी अट असते. समजा, १,४९९, १,१९९ आणि ७९९ रुपयांचे तीन शर्ट निवडले. एकूण किंमत ३,४९७ रुपये, फुकट मिळाला तो ७९९ रुपयांचा, भरायचे २,६९८ रुपये. सूट झाली अवघी २२.८ टक्के. हेच तीन शर्ट सरसकट २५ टक्के सुटीत घेतले असते तर २,६२२.७५ रुपये पडले असते, म्हणजे ७५ रुपये कमी. तीन वस्तूंतली सर्वांत स्वस्त वस्तू त्या तिघींच्या सरासरी किमतीपेक्षा महाग असूच शकत नाही, म्हणून सूट एक तृतीयांशाच्या वर कधीही जात नाही. किमतींतली तफावत जितकी जास्त, तितकी ती खाली येते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: वरच्या उदाहरणात तिसरा शर्ट ७९९ रुपयांऐवजी १,१९९ रुपयांचा घेतला, तरी बिल २,६९८ रुपयेच राहते आणि सूट मात्र ३०.८ टक्क्यांवर जाते. म्हणजे मोफत वस्तू निवडताना, पसंत पडत असेल तर, दुसऱ्या क्रमांकाच्या किमतीपर्यंत खुशाल जावे.

घरातल्या सगळ्यांची खरेदी एकत्र असली की आणखी एक खाचखळगा येतो. १,४९९ चे दोन, १,३९९, ७९९, ६९९ आणि ४९९ रुपयांचा प्रत्येकी एक, असे सहा कपडे घेतले असे धरू. एकूण किंमत ६,३९४ रुपये. सहा नगांवर दोन मोफत. पण सगळे एकाच बिलात घातले आणि संगणकाने पूर्ण बिलातले सर्वांत स्वस्त दोन नग मोफत धरले, तर ६९९ आणि ४९९ मिळून १,१९८ रुपये वाचतात, म्हणजे जेमतेम १८.७ टक्के. तेच कपडे उतरत्या किमतीने लावून वरचे तीन एका बिलात आणि खालचे तीन दुसऱ्या बिलात घेतले, तर पहिल्या बिलात १,३९९ आणि दुसऱ्यात ४९९, असे १,८९८ रुपये वाचतात, सूट २९.७ टक्के. माल तोच, दुकान तेच, फरक सातशे रुपयांचा. याहून चांगली मांडणी शक्य नाही, हेही सहज पटते. कोणतीही वस्तू फुकट मिळायची तर तिच्या जोडीला निदान तितक्याच किमतीच्या दोन वस्तूंचे पैसे भरावेच लागतात, त्यामुळे पहिली मोफत वस्तू उतरत्या क्रमात तिसरीच्या वर आणि दुसरी मोफत वस्तू सहावीच्या वर जाऊ शकत नाही. काउंटरवर ‘दोन बिले करा’ म्हणायला संकोच वाटू नये. अटींत मनाई नसेल तर बहुधा कोणी हरकत घेत नाही.

‘मोफत’ हा शब्द हिशेबाच्या दृष्टीने किती सैल आहे, हे कराच्या नियमांतही दिसते. ७ मार्च २०१९ च्या जीएसटी परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने म्हटले आहे की, अशा योजनेत एक वस्तू फुकट दिल्यासारखी दिसली तरी वास्तवात दोन किंवा अधिक वस्तू मिळून एकाच किमतीला विकलेल्या असतात. ९९९ रुपयांचे तीन शर्ट म्हणजे ६६६ रुपयांचा एक, असेच मग धरायचे. कपडा परत करायची वेळ आली की हे कामाला येते: बिलात सूट तिन्ही नगांवर विभागून दाखवली असेल, तर एक नग परत केल्यावर साधारणतः ९९९ नव्हे, ६६६ रुपये हाती येतात.

हा सगळा हिशेब तिन्ही वस्तू हव्याच होत्या असे धरून झाला. गरज दोनच शर्टांची असेल तर तिसऱ्याची खरी किंमत वेगळ्या रीतीने काढावी लागते: शेजारच्या दुकानात त्या दोन शर्टांवर मिळणारी जी सूट आपण सोडून देतो, तीच तिसऱ्याची किंमत. किमती सारख्या असल्या आणि शेजारी २५ टक्के सूट असली, तर दोन शर्टांवरची सूट एका शर्टाच्या निम्म्या किमतीइतकी होते, म्हणजे ‘फुकट’ शर्ट अर्ध्या किमतीला पडतो. किमती वेगवेगळ्या असल्या की चित्र आणखी बिघडते. मघाचेच १,४९९ आणि १,१९९ रुपयांचे दोन शर्ट शेजारी ३० टक्के सुटीत १,८८८.६० रुपयांना मिळतात. योजनेत त्यांचे २,६९८ रुपये भरून वर ७९९ रुपयांचा शर्ट घरी आणला, तर त्याचे आपण ८०९.४० रुपये मोजले, छापील किमतीहूनही दहा रुपये जास्त. आणि तोच शर्ट शेजारी ५५९.३० रुपयांना मिळत होता.