शैक्षणिक प्रमाणपत्रांचे प्रमाणित भाषांतर

परदेशी विद्यापीठाकडे किंवा परदेशी शासकीय कार्यालयाकडे अर्ज करताना मूळ शैक्षणिक कागदपत्राबरोबर जोडले जाणारे आणि अचूकतेबद्दल कोणीतरी लेखी जबाबदारी घेतलेले भाषांतर. साक्षांकित प्रत ही यापेक्षा वेगळी होय : तीत प्रत मुळाबरहुकूम असल्याचे सांगितलेले असते, मजकुराच्या अर्थाबद्दल काहीही सांगितलेले नसते.

या प्रथेचा उगम नेमका कोठला, याविषयी एकमत नाही. काही जण तो स्पेनमध्ये शोधतात. तेथील राजदरबाराचे भाषांतर कार्यालय १५२७ मध्ये स्थापन झाल्याचे सामान्यतः मानले जाते, आणि शपथबद्ध भाषांतरकाराची परंपरा त्याच्याशी जोडली जाते. मात्र ते कार्यालय मुख्यतः राज्यकारभाराच्या पत्रव्यवहारासाठी होते. खाजगी व्यक्तीच्या दाखल्याचे भाषांतर न्यायालयीन पुराव्याच्या गरजेतून आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भारतात शपथबद्ध भाषांतरकारांची देशव्यापी वैधानिक नोंदवही नाही. नोटरी अधिनियम, १९५२ च्या कलम ८ नुसार दस्तऐवजाचे भाषांतर करणे व ते पडताळणे हे नोटरीच्या कामांत मोडते. पण व्यवहारात बहुतेक नोटरी केवळ भाषांतरकाराचे शपथपत्र नोंदवितात.

स्वीकारणारी कार्यालये विश्वास कोठे ठेवतात, यावरून पद्धती वेगळ्या होतात. जर्मनीत तो व्यक्तीच्या अधिकारावर असतो, म्हणजे न्यायालयाकडे शपथ घेतलेला भाषांतरकार स्वतःच्या शिक्क्यासह भाषांतर देतो. ब्रिटनमध्ये अशी शपथबद्ध व्यवस्था नाही. तेथील व्हिसा अर्जासाठी भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही व संपर्काचा तपशील लागतो. अमेरिकेच्या स्थलांतर नियमांनुसार इंग्रजी भाषांतर संपूर्ण हवे, आणि ते पूर्ण व अचूक असल्याचे तसेच आपण ते करण्यास सक्षम असल्याचे भाषांतरकाराने लिहून द्यावे लागते. कॅनडाचे स्थलांतर खाते प्रमाणित भाषांतरकार नसल्यास शपथपत्र मागते. अर्जदाराने किंवा त्याच्या नातेवाइकाने केलेले भाषांतर, तो नातेवाईक व्यवसायाने भाषांतरकार असला तरी, तेथे चालत नाही.

महाराष्ट्रातील अर्जदाराच्या बाबतीत अडचण बहुधा शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी येते, कारण तो अनेकदा केवळ मराठीत असतो. लक्ष्मी नावाच्या विद्यार्थिनीचा दाखला उदाहरणादाखल घेता येईल. दाखल्यावर आधी आडनाव, मग तिचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. हा क्रम जसाच्या तसा रोमन लिपीत उतरविल्यास परदेशी कारकून आडनावालाच पहिले नाव समजतो. म्हणून क्रम न बदलता, कोणता शब्द आडनाव आहे हे भाषांतरकाराने टीपेत सांगणे योग्य. नावाचे लेखन पारपत्रात `Laxmi` असेल आणि भाषांतरात `Lakshmi` आले, तर उच्चार एकच असूनही अर्ज चौकशीसाठी थांबू शकतो. येथे लिप्यंतराच्या नियमापेक्षा पारपत्रातील लेखन पाळणेच हिताचे. जन्मतारीख अंकी एक व अक्षरी दुसरी असल्यास दोन्ही तशाच द्याव्या लागतात. दुरुस्ती करणे भाषांतरकाराच्या अधिकारात नाही. ती शाळेकडून मूळ दाखल्यातच व्हावी लागते. ‘वर्तणूक’ व ‘शेरा’ हे रकाने, पाठीमागची प्रतिस्वाक्षरी आणि गोल शिक्का यांचाही उल्लेख हवा; न वाचता येणारा शिक्का ‘अस्पष्ट’ असा नोंदवावा, अंदाजाने भरू नये. गुणपत्रिकेतील ‘प्रथम श्रेणी’ परदेशी श्रेणीत बदलणे हेही भाषांतर नव्हे. ते मूल्यमापन स्वीकारणारी संस्था करते, आणि भाषांतरकाराने केलेले रूपांतर दिसल्यास संपूर्ण भाषांतराविषयीच शंका निर्माण होते.

परदेशात वापरायच्या कागदपत्रावरील सही-शिक्का खरा असल्याचे सरकारी प्रमाणपत्र म्हणजे अपोस्टिल; त्यासंबंधीचा हेग अपोस्टिल करार भारतात १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अपोस्टिल आधी की भाषांतर आधी, हा प्रश्न यातून वारंवार उद्भवतो. मूळ दाखल्यावर आधी अपोस्टिल घेऊन नंतर भाषांतर केल्यास अपोस्टिलचा मजकूरही भाषांतरात येतो, आणि दोन्ही कागद एकाच दस्तऐवजाचे असल्याचे स्पष्ट राहते. याउलट नोटरीने नोंदविलेल्या भाषांतरावरच अपोस्टिल घेतल्यास ते नोटरीच्या सही-शिक्क्याची ग्वाही देते, भाषांतराच्या अचूकतेची किंवा मूळ दाखल्याच्या खरेपणाची नव्हे. त्यामुळे मूळ कागदपत्राचे अपोस्टिल मागणाऱ्या कार्यालयाकडे असा संच अपुरा ठरतो.

जर्मन विद्यापीठांसाठी अर्ज तपासणारी ‘युनि-असिस्ट’ ही संस्था इंग्रजी कागदपत्रे सामान्यतः भाषांतराविना स्वीकारते. मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेल्या पदवीपत्राचे वेगळे भाषांतर त्यामुळे बहुधा लागत नाही. मात्र त्यावरील हस्तलिखित नोंदी किंवा शिक्के फक्त मराठीत असल्यास तेवढ्या भागाचे भाषांतर मागितले जाऊ शकते.